क्वार्ट्जचा ओटा कापायला शिकताय? सिंकच्या एका भोकापासून छातीच्या तपासणीपर्यंत

किचन ओट्याच्या दगडकामात नवीन आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात माप घेणं, ब्लेड बदलणं, स्लॅब उचलणं सगळं शिकवतात, पण धुळीबद्दल एकच वाक्य सांगतात, "मास्क लाव आणि पाणी चालू ठेव". वाक्य चुकीचं नाही पण अर्धवट आहे, आणि जे अर्धं राहून जातं त्यानेच माणूस आजारी पडतो. मी स्वतः बरीच वर्षं ग्राइंडर हातात धरलाय, सुरुवातीची काही वर्षं कोरडंच कापलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. पूर्ण वर्कशॉप कसं उभारायचं ते इथे सांगत बसत नाही, एकच काम घेऊ, एका स्लॅबमध्ये सिंकचं भोक पाडून त्याच्या कडा पॉलिश करायच्या, आणि त्यात धूळ कुठे कुठे निसटते ते बघू. शेवटी तपासणीचं, कारण तिथे जास्त फसगत होते.

आधी हातात काय आहे ते ओळखा

इंजिनिअर्ड स्टोन, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं "क्वार्ट्ज" म्हणतात, तो खाणीतून आलेला दगड नाहीच. गारगोटीचा बारीक चुरा रेझिनमध्ये कालवून, दाबून, भाजून त्याच्या स्लॅब पाडतात. नेहमीच्या मालात ९० टक्क्यांपेक्षा जास्त भाग स्फटिकरूप सिलिका असते. मार्बलमध्ये ती अगदी थोडी, ग्रॅनाइटमध्ये साधारण १० ते ४५ टक्के. म्हणजे ग्रॅनाइटवर वीस वर्षं काम केलेला माणूस "आम्ही कापलंच की, काही झालं नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण तो दगड वेगळा होता. हा दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका निदान दुप्पट असते असं समजा, वर ती धूळ जास्त बारीकही असते.

आता धूळ म्हटलं की आपल्याला कपड्यावर बसलेली पांढरी पूड आठवते. ती पूड दिसते, नाकात अडकते, शिंकेतून बाहेर येते. त्रास देते ती त्याच्यासोबत उडणारी, जी दिसतच नाही, साधारण ४ मायक्रॉन आणि त्याहून बारीक, केसाच्या जाडीच्या पंधरा-वीसाव्या भागाएवढी. ती हवेत तासन्‌तास तरंगत राहते आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचते. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कण गिळतात, पण तो पचत नाही, उलट पेशीच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो, मग दुसरी पेशी तो गिळते, ती पण मरते. हे चक्र चालू राहतं आणि त्या जागी कडक गाठी तयार होतात, जखमेवरच्या वणासारख्या. यालाच सिलिकोसिस म्हणतात. काम सोडलं तरी आत बसलेली धूळ तिथेच असते, म्हणून आजार नंतरही वाढू शकतो. गाठी विरघळवणारं औषध नाही.

म्हणून नवीन स्लॅब आली की मालाचं सेफ्टी डेटा शीट मागा आणि त्यात क्रिस्टलाइन सिलिका किती टक्के लिहिलंय ते बघा. कमी सिलिकावाला माल आता मिळतो, मालकाला आणि गिऱ्हाइकाला तो सुचवा. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोन बनवणं, विकणं, कापणं, बसवणं सगळंच बंद केलं, कारण पाणी आणि मास्कचे नियम करूनही लोक आजारी पडायचे थांबले नाहीत. तुम्ही जिथे काम करता तिथे हा दगड चालू असेल तर पुढचं नीट वाचा.

कोरडं कापलं तर एका मिनिटात काय होतं

हे गणित एकदा मनात बसलं की "पटकन एक कट मारून घेतो" हे वाक्य तोंडातून निघत नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आठ तासांच्या पाळीत हवेत सरासरी ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर एवढीच बारीक सिलिका चालते असा नियम आहे. आता २०१५ मध्ये एका प्रयोगात हातातल्या सर्क्युलर सॉने असाच दगड कापून हवा मोजली होती. कोरडं कापताना बारीक धूळ साधारण ४४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. ब्लेडवर पाणी सोडल्यावर साधारण ५. पाणी आणि शेजारी धूळ ओढणारी सक्शन दोन्ही लावल्यावर साधारण ०.६.

कोरड्या कटचा हिशोब करून बघू. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, ४८० गुणिले ०.०५ म्हणजे २४. हा तुमचा दिवसभराचा कोटा समजा. ४४ मधली फक्त अर्धीच सिलिका धरली तरी २२ होते. २४ भागिले २२. म्हणजे एक मिनिट आणि काही सेकंदात दिवसभराचा कोटा संपला, उरलेले जवळजवळ आठ तास तुम्ही बागेत बसलात तरी.

आणि पाण्याचा आकडा परत बघा. ४४ वरून ५ म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के धूळ कमी, हे मोठंच काम आहे. पण ५ हे ०.०५ च्या शंभर पट आहे. सगळी धूळ सिलिका नसते हे धरलं तरी मर्यादा कुठल्या कुठे मागे राहते. म्हणून मी म्हणतो की पाणी ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. "आमच्याकडे ओलं कापतात" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. कॅलिफोर्नियात ५२ दगड कारागिरांचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, सगळ्यांना सिलिकोसिस, मधलं वय ४५, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं की त्यांच्याकडे पाणी वापरायचे. त्यातले १० जण तोवर गेले होते.

पायरी १: पाणी खरंच पुरतंय का, ते मशीन लावायच्या आधी तपासा

बहुतेक छोट्या वर्कशॉपमध्ये पाणी असतं, पण कसं असतं? नळी जुनी, तोटी गाळाने अर्धी बुजलेली, आणि दुसरा माणूस बाटलीने ब्लेडवर अधूनमधून पाणी ओततो. बाटलीने ओतणं म्हणजे वेट कटिंग नाही. पाणी ब्लेड जिथे दगडाला भिडतं तिथे, सलग, मशीन चालू व्हायच्या आधीपासून ते ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत पडायला हवं.

सोपी चाचणी सांगतो. एक लीटरची बाटली घ्या, मशीनच्या पाण्याच्या तोटीखाली धरा, मोबाइलवर वेळ लावा. दगड आणि काँक्रीट कापायच्या हातातल्या सॉसाठी मिनिटाला कमीत कमी अर्धा लीटर पाणी धरतात, म्हणजे बाटली दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. तीन-चार मिनिटं लागली तर तोटी काढा, सुईने साफ करा, जाळी धुवा. मी ही चाचणी दर सोमवारी करायचो आणि दोन आठवड्यात एकदा तरी एखादी तोटी बुजलेली सापडायचीच, कारण पाणी तेच तेच फिरवलं की गाळ साचतो. अर्धा लीटर हा तळ आहे, पॉलिशच्या रुंद पॅडला किंवा कप व्हीलला जास्त लागतं.

काम चालू असताना पाणी कमी पडतंय हे ओळखायची खूण म्हणजे गाळ. ओट्यावरून पातळ दुधासारखं वाहत असेल तर ठीक. घट्ट पेस्ट व्हायला लागली, कटच्या कडेला पांढरी सुकी रेघ दिसायला लागली, किंवा ब्लेडमागे वाफेसारखं काही उठताना दिसलं तर थांबा. आणि बॅटरीचा तेज टॉर्च आडवा मारून बघा, अंधाऱ्या कोपऱ्यात उजेडाच्या पट्ट्यात जे तरंगताना दिसतं ते दिवसा डोळ्याला दिसत नाही. मात्र टॉर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं नाही.

विजेचं पण इथेच सांगतो. पाणी आणि विजेचा ग्राइंडर एकत्र येतात तेव्हा ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर लावलेला हवा, त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. हवेवर चालणारे ग्राइंडर मिळत असतील तर ते उत्तम, शॉकची भीतीच राहत नाही. नुसता "शॉक बसेल" म्हणून कोरडं कापणारे खूप बघितलेत, त्यांची भीती खरी असते, पण त्यावर इलाज ब्रेकर आहे.

पायरी २: भोक पाडणं

सिंकचं माप आखलं की थेट चारी बाजूंनी कट मारत सुटू नका. आधी चार कोपऱ्यांवर कोअर बिटने गोल भोकं पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत सरळ कट. याने कोपऱ्यात तडा जात नाही हा फायदा सगळे सांगतात, पण धुळीच्या बाजूने पण फायदा आहे, कारण कोपऱ्यात कट ओलांडून पुढे न्यावा लागत नाही आणि ब्लेड पाण्यातून बाहेर निघायचा प्रसंग कमी येतो.

कोअर बिट चालवताना भोकाच्या भोवती पुट्टी किंवा खेळायच्या मातीची गोल पाळ करा, बोटभर उंच, आणि आत पाणी भरा. बिट त्या डबक्यात फिरला पाहिजे. पाणी पांढरं दाट झालं की ते काढून ताजं भरा, एका भोकाला दोन-तीनदा तरी. बिट मध्येमध्ये थोडा वर उचला म्हणजे पाणी खालपर्यंत जातं, नाहीतर वरून ओलं आणि तळाशी कोरडं असं होतं, आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये, बिट खालून बाहेर पडताना, सगळं पाणी एकदम निसटतं. तो क्षण महत्त्वाचा. तिथे वेग कमी करा आणि दुसऱ्याला नळीने पाणी धरायला सांगा.

सरळ कटमध्ये पण असाच एक क्षण असतो. ब्लेड दगडात उतरवताना पहिले दोन-तीन सेकंद गार्डच्या नळीचं पाणी वरच्या वर उडून जातं, कटमध्ये जात नाही. म्हणून आधी आखलेल्या रेघेवर पाण्याचा पाट करून घ्या, मग ब्लेड हळू टेकवा. ब्लेडची खालची बाजू स्लॅबच्या पलीकडे निघते तिथून जे उडतं ते पण ओलंच आहे ना ते वाकून बघा. कापलेला मधला तुकडा खालून टेकूवर ठेवा, तो पडला तर माणसाचा पाय जातो, शिवाय तुटलेल्या कडा मग कोरड्या ग्राइंडरने "जरा सारख्या" करायचा मोह होतो.

हा मोहच खरं तर सगळ्यात मोठा दोषी आहे. मोठे कट सगळे ओले करतात. कोरडं होतं ते काय? एक मिलिमीटर घासायचं राहिलं, नळाचं भोक जरा मोठं करायचंय, जोडाची मागची बाजू कप व्हीलने खरखरीत करायचीय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी बसवताना ओटा भिंतीला लागत नाही म्हणून उभ्या उभ्या कोपरा घासायचा. घरात पाणी सांडायला नको म्हणून तिथे हमखास कोरडं कापतात, बंद खोलीत, पंखा लावून. माझा नियम होता, माप परत घ्या, तुकडा वर्कशॉपमध्ये परत आणा, ओला कापा, परत न्या. त्रास होतो, अर्धा दिवस जातो, मालक चिडतो, पण वरचं एक मिनिटाचं गणित आठवा. माप घेतानाच भिंत सरळ नाही हे टेम्प्लेटवर उतरवलं तर असे प्रसंग निम्मे होतात.

पायरी ३: कडा घासणं आणि पॉलिश

कटपेक्षा इथे जास्त वेळ जातो आणि तोंड जास्त जवळ असतं. सिंकची आतली कड ५० नंबरच्या पॅडपासून ३००० पर्यंत नेताना माणूस वाकून, कडेपासून हातभर अंतरावर तास-दीड तास उभा असतो. पाणी पॅडच्या मध्यातून येणाऱ्या ग्राइंडरने करा, बाहेरून नळी मारली तर फिरणारा पॅड पाणी बाहेर फेकून देतो आणि पॅडखाली कोरडं राहतं.

आणि इथेच ओल्या कामातली लपलेली गोष्ट आहे. पॅड पाणी फेकतो, त्याचे बारीक थेंब हवेत उडतात, त्या थेंबात दगडाचे कण असतात. थेंब हवेतच सुकतो आणि कण तरंगत राहतो. टाकीतलं गढूळ पाणी परत परत फिरवलं की थेंबागणिक कण वाढतात, म्हणजे धूळ मारायला आणलेलं पाणीच धूळ उडवायला लागतं. म्हणून फिरवायचं पाणी निदान तीन टाक्यांतून, एकीतून वर भरून दुसरीत सांडेल असं न्या, म्हणजे गाळ तळाला बसतो, आणि हातातल्या ग्राइंडरला शक्यतो स्वच्छ पाणी द्या.

थेंब तुमच्या तोंडाकडून लांब ओढून घेणारी सक्शन हवी, कामाच्या जागेच्या शेजारी, पाठीमागून पंखा नको. पंखा धूळ कमी करत नाही, तुमच्याकडची शेजारच्याकडे पाठवतो.

मास्कबद्दल. कापडी रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क या कामात काही उपयोगाचे नाहीत. नीट बसलेला एन९५ किंवा पी१०० फिल्टरवाला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क आतली धूळ बाहेरच्या दहाव्या भागावर आणतो असं धरतात. सक्शन नसलेल्या ओल्या कटची ५ मिलिग्रॅम धूळ घ्या, दहाव्या भागाला ०.५, त्यातली अर्धीच सिलिका धरली तरी अजून मर्यादेच्या पाच पट. म्हणून जास्त धुळीच्या कामाला पंख्याने हवा ढकलणारा, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क वापरतात, त्याचं संरक्षण कितीतरी पट जास्त असतं. चेहऱ्याला चिकटून बसणारा कुठलाही मास्क असो, दाढी असेल तर कडेने हवा आत येते, त्याला इलाज नाही, दाढी काढावी लागते. वर्षातून एकदा फिट टेस्ट करून घ्या.

पायरी ४: काम संपल्यावर

गाळ ओला असतानाच काढा. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी बरंच झालं. आज जो गाळ जमिनीवर सोडून घरी गेलात तो उद्या सकाळी पावडर झालेला असतो, आणि मग पाळी सुरू व्हायच्या आधी कुणीतरी झाडू मारतो. कोरडा झाडू नको, कॉम्प्रेसरच्या हवेने मशीन किंवा कपडे उडवणं तर अजिबात नको. कमी दाबाने पाणी सोडा, वायपरने गाळ एकीकडे ओढा, झाकणाच्या डब्यात भरा. सुकलेलं काही राहिलं तर हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम.

मी पहिल्या ठिकाणी होतो तिथे संध्याकाळी सगळे एकमेकांच्या पाठीवर हवेची नळी मारायचो, कपडे साफ व्हायला. पाच मिनिटं सगळं पांढरं धुकं. दिवसभर ओलं काम करून शेवटी आम्ही ते सगळं श्वासात घ्यायचो आणि कुणाला काही वाटायचं नाही. आता आठवलं की पोटात गोळा येतो. रबरी एप्रन घाला, तो पाण्याने धुवा, कपडे तिथेच बदला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, घरात लहान मुलं असतील तर हे आणखी महत्त्वाचं.

हे सगळं नीट चाललंय की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणीत कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर लावतात, पूर्ण पाळीभर चालवतात आणि फिल्टर लॅबमध्ये एक्स-रे डिफ्रॅक्शनने तपासतात. ज्या दिवशी जास्तीत जास्त कटिंग आणि पॉलिश आहे तोच दिवस निवडायला सांगा, माल भरायच्या दिवशी मोजून काय उपयोग. आणि रिपोर्टचा आकडा स्वतः बघायला मागा.

पायरी ५: छातीची तपासणी, कामाला लागायच्या आधीपासून

सिलिकोसिस सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दम लागायला लागतो तेव्हा बरंच आत झालेलं असतं. जुन्या काळी खाणीत हा आजार दहा-वीस वर्षांनी दिसायचा, या दगडात पाच-दहा वर्षांतही दिसतो, तिशीतल्या माणसांना. म्हणून "त्रास झाला की जाऊ" हे इथे चालत नाही.

पहिली तपासणी कामाला लागताना, पहिल्या महिन्यातच. अमेरिकेच्या नियमात पहिली ३० दिवसांत आणि नंतर निदान दर तीन वर्षांनी आहे. माझं मत, या दगडासाठी तीन वर्षं हा फार मोठा काळ आहे, डॉक्टर तयार असतील तर दरवर्षी करा. त्यात मुख्यतः या गोष्टी असतात: कामाचा इतिहास, छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री म्हणजे जोरात फुंकायची तपासणी, आणि टीबीची तपासणी. टीबी का, तर सिलिका बसलेल्या फुप्फुसात टीबी सहज शिरतो.

आता फसगत कुठे होते ते. पहिली, एक्स-रे नॉर्मल येतो. ऑस्ट्रेलियात दगड कारागिरांच्या तपासण्या झाल्या तेव्हा बऱ्याच जणांचा एक्स-रे स्वच्छ होता आणि सीटी स्कॅनमध्ये गाठी दिसल्या. म्हणून काही वर्षं कोरडं काम झालं असेल तर एक्स-रेवर थांबू नका, कमी रेडिएशनच्या सीटीबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुसरी, स्पायरोमेट्री "नॉर्मल" म्हणून कागद फाइलला लागतो. एक उदाहरण घेऊ. समजा एका कारागिराने कामाला लागताना पूर्ण श्वास फुंकला तो ४.९ लीटर, त्याच्या वयाला-उंचीला अपेक्षित ४.७, म्हणजे १०४ टक्के. तीन वर्षांनी फुंकला ४.३ लीटर, तेव्हा अपेक्षित ४.६, म्हणजे ९३-९४ टक्के. रिपोर्टवर परत नॉर्मल, कारण ८० च्या वर नॉर्मल धरतात. पण तीन वर्षांत ६०० मिलिलीटर गेले की. वयाने माणसाचे वर्षाला साधारण ३० मिलिलीटर जातात, तीन वर्षांत शंभरेक. बाकीचे ५०० कुठे गेले हे कुणी विचारलंच नाही, कारण जुना कागद समोर नव्हता. एकदा फुंकण्यात चूक होऊ शकते, म्हणून असा फरक दिसला की घाबरून न जाता परत नीट फुंकून बघायचं, आणि दुसऱ्यांदा तसंच आलं तर फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे, सीटीसाठी. पहिला रिपोर्ट जपून ठेवणं इतकं महत्त्वाचं का, ते यातून कळेल.

तिसरी फसगत म्हणजे चुकीचं निदान. कॅलिफोर्नियाच्या त्या ५२ जणांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं निदान उशिरा झालं, त्यातल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला न्यूमोनिया किंवा टीबी आहे असं समजलं गेलं. माझ्या सोबतच्या एकाचं असंच झालं. खोकला, वजन उतरलं, टीबीची औषधं सुरू झाली, थुंकीत टीबी एकदाही सापडला नव्हता. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तो म्हणाला, "किचनचं काम". डॉक्टरांना वाटलं स्वयंपाकी. बायकोने शेजारून सांगितलं की हे ओट्याचे दगड कापतात, तेव्हा कुठे सीटी झाला.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की हे आपणहून, याच शब्दांत सांगा: मी इंजिनिअर्ड क्वार्ट्ज कापतो, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असते, इतकी वर्षं झाली, त्यातली इतकी वर्षं कोरडं कापलं, रोज इतके तास, मास्क अमुक. जिना चढताना दम, महिनाभर न थांबणारा कोरडा खोकला, कारण नसताना वजन उतरणं यातलं काही असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. बोटं थंडीत पांढरी पडणं, सांधे सुजणं पण सांगा, सिलिकाने शरीराची प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार पण होतात, आणि किडनीचे पण.

गाठी सापडल्याच तर त्या दिवसापासून त्या धुळीपासून पूर्ण लांब. "चांगला मास्क लावून थोडं थोडं करतो" हे नाही. सिगारेट बंद, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, टीबीची तपासणी, आणि ठरलेल्या वेळी परत स्कॅन. काहींचा आजार बरीच वर्षं तिथेच थांबतो, काहींचा काम सोडूनही वाढतो आणि शेवटी फुप्फुस बदलायची वेळ येते, आधी सांगता येत नाही कुणाचं काय.

एक साधी वही ठेवा, मोबाइलमध्ये फोटो पण ठेवा. कुठल्या महिन्यापासून कुठे काम केलं, कुठला दगड, ओलं की कोरडं, कुठला मास्क, हवेच्या मोजणीचा आकडा, एक्स-रे आणि सीटीची तारीख, फुंकण्याचा लीटरमधला आकडा. वर्कशॉप बदललं की जुन्या ठिकाणाहून तपासणीच्या कागदांच्या प्रती निघण्याआधीच मागून घ्या, नंतर मिळत नाहीत. माझ्या त्या सोबत्याकडे पहिल्या दहा वर्षांचा एकही कागद नव्हता, आणि कधीपासून सुरू झालं या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्याला उत्तर देता आलं नाही.